आठ तासांच्या शूटिंगमधली पाच मिनिटं

‘दादा, परवाच्या गॅदरिंगमधला फक्त आमच्या मुलीचा डान्स पाठवाल का? तिने पिवळा ड्रेस घातला होता. प्लीज लवकर पाठवा.’

डिसेंबर-जानेवारीत गावोगावच्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांच्या मोबाइलवर अशा मजकुराचे निरोप येत राहतात. मागणी साधी आहे आणि पूर्णपणे रास्तही आहे. दिवसभराच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांची भाषणं, अहवालवाचन, बक्षीस वितरण आणि तीस-पस्तीस कार्यक्रम असतात. त्यातली जेमतेम पाच मिनिटं या घरासाठी मोलाची असतात. आजी-आजोबांना दाखवायची, परगावच्या मावशीला पाठवायची ती पाच मिनिटं. तरीही असे निरोप उत्तराविना पडून राहतात, किंवा आठवड्याभराने भलत्याच वर्गाचा नाच येऊन पडतो. पालकांना वाटतं, शूटिंगवाला टाळतोय. खरी अडचण निरोपातच असते. ज्या एका गोष्टीवर हे काम अडतं, ती त्यात लिहिलेलीच नसते.

शूटिंगवाल्याला मूल ओळखता येत नाही. पिवळा ड्रेस त्या नाचातल्या सोळाही मुलींनी घातलेला असतो, आणि त्याच दिवशी आणखी दोन वर्गांनीही पिवळेच कपडे भाड्याने आणलेले असतात. त्याच्यापुढे असतात आठ तासांच्या फाइली. ‘कोण’ हे कळून त्याला फारसा उपयोग नाही. त्याला हवं असतं ‘कधी’. नेमका वेळ कळला तर नाच शोधून, कापून ठेवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. वेळ कळला नाही तर फाइली चौपट वेगाने पळवल्या तरी आठ तासांना दोन तास लागतात, तेही डोळे पडद्यावर खिळवून. शाळेशी ठरलेल्या रकमेत हे दोन तास धरलेले नसतात. असे तीस पालक निघाले, तर हिशेब कुणालाही करता येईल.

‘वेळ’ म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्या दिवशी कॅमेऱ्यात काय घडतं ते पाहायला हवं. बहुतेक ठिकाणी मागच्या बाजूला स्टँडवर एक कॅमेरा असतो, त्यात पूर्ण स्टेज दिसतं. दुसरा कॅमेरा हातात घेऊन एक जण पुढे फिरत असतो. तो चेहरे, पाय, मुद्रा, मधूनच टाळ्या वाजवणारे पालक टिपतो. काही ऑपरेटर प्रत्येक कार्यक्रमाला रेकॉर्डिंग सुरू-बंद करतात. मग एका कार्यक्रमाची एक फाइल होते आणि शोधणं सोपं जातं. पण सूत्रसंचालक कधी नाव पुकारेल याचा नेम नसल्याने मागचा कॅमेरा बरेच जण चालूच ठेवतात. तो थांबतो बॅटरी बदलताना, कार्ड बदलताना आणि जेवणाच्या सुट्टीत.

चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यातही एकच लांबलचक फाइल तयार होते असं नाही. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मेमरी कार्डावर एका फाइलचा आकार 4 जीबीच्या वर जाऊ शकत नाही. तेवढा आकार भरला की कॅमेरा आपोआप पुढची फाइल उघडतो. सेकंदाला 50 मेगाबिट या दराने चित्रण चालू असेल, तर ही मर्यादा साधारण साडेअकरा मिनिटांत गाठली जाते. 24 मेगाबिटला जवळपास चोवीस मिनिटं मिळतात. म्हणजे नाच एका फाइलमध्ये सुरू होऊन दुसरीत संपणं अगदी शक्य आहे. ‘मुलीचा नाच अर्ध्यातच तुटला’ ही तक्रार पुष्कळदा इथून उगवते. घाईत एकच फाइल उघडली जाते, तिच्या शेवटापर्यंतचा तुकडा पाठवला जातो आणि उरलेला नाच पुढच्या फाइलच्या सुरुवातीला पडून राहतो. तुकडा गाण्याच्या मधोमध, टाळ्यांशिवाय संपत असेल, तर ‘पुढची फाइल बघता का?’ एवढंच विचारावं.

पत्रिकेतला क्रमांक हा पालकांचा पहिला आधार असतो, आणि नेमका तोच दगा देतो. पत्रिकेत चौदावा असलेला नाच प्रत्यक्षात एकोणिसावा होतो. कुणाचा मेकअप राहिलेला असतो, कुणाचं गाणं पेनड्राइव्हवरून लागत नाही, बालवाडीची मुलं पेंगायला लागली म्हणून त्यांना आधी घेतलं जातं. त्यामुळे क्रमांक लिहावा, पण सोबत आधीचा आणि नंतरचा कार्यक्रमही लिहावा. ‘आमच्या नाचाच्या आधी सहावीचं नाटक होतं, नंतर शिक्षकांचं समूहगीत झालं’ हे वाक्य ‘चौदावा नंबर’ या शब्दांपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. नाटक, समूहगीत किंवा बक्षीस वितरण फाइल पळवतानाही चटकन ओळखू येतं. एका नाचातून दुसरा नाच ओळखणं त्या वेगात अवघड जातं.

यापेक्षाही पक्का पुरावा पालकांच्या खिशातच असतो. नाच चालू असताना मोबाइलवर काढलेला फोटो. मोबाइलचं घड्याळ सहसा नेटवर्कवरून आपोआप जुळतं, त्यामुळे गॅलरीत त्या फोटोचा तपशील उघडला की तो घेतल्याची बऱ्यापैकी अचूक वेळ मिळते. मात्र फोटो स्वतःच्या फोनमधला, मूळ हवा. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेल्या फोटोतून ही माहिती निघून गेलेली असते. त्याच्या नावात `IMG-20250118-WA0012.jpg` अशी तारीख तेवढी उरते, आणि दिवसभराच्या कार्यक्रमात तारखेचा काही उपयोग नाही.

आता प्रश्न कॅमेऱ्याच्या घड्याळाचा. ते चुकलेलं असणं ही रोजची गोष्ट आहे. आतली छोटी बॅटरी उतरते, घड्याळ मागे पडतं आणि गडबडीत कुणी ते नीट लावत नाही. पण घड्याळ जितकं चुकलेलं आहे, तितकंच ते दिवसभर चुकलेलं राहतं. फरक एकदा काढला की पुढचं सगळं नुसती बेरीज-वजाबाकी.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, तिसरीच्या वर्गाचा कोळीनृत्याचा कार्यक्रम आहे. एका आईने नाच सुरू होताना काढलेल्या फोटोची वेळ दुपारी 3:22:40 आहे. तिच्याच फोनमध्ये सकाळचा आणखी एक फोटो आहे: प्रमुख पाहुणे पहिली ढाल देताहेत, वेळ 12:47:20. ऑपरेटर तोच ढाल देण्याचा क्षण आपल्या चित्रणात शोधतो, आणि बक्षीस वितरण शोधायला वेळ लागत नाही. त्याच्या कॅमेऱ्यात तो क्षण 12:31:05 ला आहे. म्हणजे कॅमेरा 16 मिनिटं 15 सेकंद मागे आहे. तेवढे वजा केले की नाचाची कॅमेऱ्यातली वेळ येते 3:06:25. `C0011.MP4` ही फाइल 2:58:10 ला सुरू झाली असेल, तर तीत 8 मिनिटं 15 सेकंदांवर पडदा उघडून नाच सुरू झालेला सापडायला हवा. तिथून मिनिटभर मागे गेलं की सूत्रसंचालकाची घोषणाही मिळते.

इथे एक खाच आहे, ती अनुभवी माणसं ओळखून असतात. संगणकावर फाइलच्या नावापुढे जी वेळ दिसते, ती बहुधा रेकॉर्डिंग संपल्याची असते, सुरू झाल्याची नव्हे. ती सुरुवातीची समजून मोजलं तर शोध अख्ख्या फाइलच्या लांबीएवढा भरकटतो. हिशेब करूनही नाच सापडला नाही, तर बहुतेक वेळा चूक इथेच निघते. फाइलची लांबी वजा करून पुन्हा मोजावं लागतं.

शाळेने पूर्ण कार्यक्रमाची एडिट केलेली फाइल पेनड्राइव्हवर आधीच दिली असेल, तर काम आणखी हलकं होतं. पालकांनी ती घरी लावून ‘दुसऱ्या फाइलमध्ये 01:12:30 ते 01:17:45’ असं लिहावं. इतकं नेमकं पत्र आलं की शूटिंगवाल्याला शोधायचं असं काही उरतच नाही. त्यातून तुकडा कापायला तर त्याचीही गरज नसते. थोडी संगणकाची सवय असलेला कुणीही मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमने तो घरी कापू शकतो. पत्र लिहायचं ते एडिट केलेल्या फाइलमध्ये नसलेल्या गोष्टीसाठी.

ती गोष्ट म्हणजे न कापलेला नाच. एडिटिंगला, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास मिक्सिंग म्हणतात त्याला, दोन्ही कॅमेऱ्यांची दृश्यं आलटून पालटून लावली जातात. एकूण कार्यक्रम पाहायला ते छान वाटतं. पण नेमकं आपलं मूल पुढे येऊन गिरकी घेत असताना पडद्यावर टाळ्या वाजवणारे पाहुणे दिसले, तर त्या घराला ते आयुष्यभर खटकतं. मागच्या कॅमेऱ्याच्या मूळ चित्रणात ती गिरकी बहुधा शाबूत असते. म्हणून ‘मिक्सिंग केलेला नको, पूर्ण स्टेज दिसणाऱ्या कॅमेऱ्यातला सलग नाच हवा’ हे स्पष्ट लिहावं. याला अपवाद एकच. कार्यक्रम स्टेजशेजारच्या एलईडी वॉलवर थेट दाखवला असेल, तर काही जण दोन्ही कॅमेरे तिथल्या तिथे मिक्सरवर जोडतात आणि फक्त तयार झालेलं एकच चित्र साठवतात. मग न कापलेला नाच कुठेच अस्तित्वात नसतो, आणि तो मागून मिळणारही नाही.

‘फक्त आमच्या मुलीवर झूम करून द्या’ ही मागणीही वारंवार येते. तिला मर्यादा आहे. साधं फुल एचडी चित्र 1920 बाय 1080 ठिपक्यांचं असतं. त्यातला एकचतुर्थांश भाग कापून मोठा केला, तर उरतात 960 बाय 540 ठिपके. मोबाइलवर ते चालून जातं, टीव्हीवर चेहरा पुसट होतो. चित्रण 4के मध्ये, म्हणजे 3840 बाय 2160 मध्ये असेल, तर तेवढाच भाग कापूनही पूर्ण फुल एचडी चित्र हाती येतं. म्हणून आधी विचारावं, ‘शूटिंग 4के आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर पूर्ण स्टेजच घ्यावं. त्यात सोबतच्या मैत्रिणीही दिसतात, आणि दहा वर्षांनी त्या मुलीला बहुधा त्याही पाहायच्या असतील.

हे सगळं एका पत्रात बसतं, आणि पत्र लांबही होत नाही. ते असं असू शकेल:

‘सप्रेम नमस्कार. शनिवारी झालेल्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग आपण केलंत. तिसरी ब च्या सोळा मुलींच्या कोळीनृत्याचा भाग आम्हा पालकांना हवा आहे. पत्रिकेत तो चौदावा होता, पण प्रत्यक्षात जेवणानंतर झाला. आधी सहावीचं नाटक, नंतर शिक्षकांचं समूहगीत. नाच सुरू होतानाच्या माझ्या मोबाइलमधल्या फोटोची वेळ दुपारी 3:22:40 आहे. पाहुण्यांनी पहिली ढाल दिली तो फोटो 12:47:20 चा आहे. दोन्ही मूळ फोटो सोबत जोडते. मागच्या कॅमेऱ्यातला सलग नाच हवा, मिक्सिंगची गरज नाही. घोषणेपासून टाळ्या संपेपर्यंत घ्यावा, दोन्ही टोकांना दहा-पंधरा सेकंद जादा असू द्यावेत. पेनड्राइव्ह आणून देते. आपल्या कामाचे पैसे किती होतील ते कृपया कळवावे. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी घेतली आहे, त्यांचं पत्र जोडलं आहे.’

यातल्या तीन गोष्टी जरा उलगडून सांगाव्या अशा आहेत.

पहिली, दहा-पंधरा सेकंद जादा. व्हिडिओच्या फाइलमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि त्यानंतरच्या चित्रांत काय बदललं तेवढंच नोंदलेलं असतं. दर्जा जराही न घटवता, फाइल पुन्हा न बनवता तुकडा कापायचा असेल, तर तो पूर्ण चित्राच्या जागीच स्वच्छ कापला जातो. ही जागा हव्या त्या क्षणाच्या सेकंदभर अलीकडे-पलीकडे पडू शकते. अगदी पहिल्या पावलाला कापायचा हट्ट धरला, तर ते पाऊलच गोठलेलं दिसतं किंवा निसटतं. आजूबाजूला मोकळी जागा ठेवली की हा प्रश्न उरत नाही, आणि सूत्रसंचालकाने पुकारलेलं वर्गाचं नावही आपसूक जपलं जातं.

दुसरी, पेनड्राइव्ह. ‘व्हॉट्सॲपवर टाका’ हे सोयीचं वाटतं. पण सव्वापाच मिनिटांचा नाच 50 मेगाबिटच्या मूळ दर्जात सुमारे 1.97 जीबी होतो. आजूबाजूची जादा सेकंदं धरली की तो व्हॉट्सॲपच्या 2 जीबीच्या मर्यादेबाहेर जातो. आणि तिथे नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला, तर तो खूप दाबला जातो. साडीची नक्षी आणि चेहऱ्यांचे बारकावे जातात ते परत येत नाहीत. पाठवायचंच असेल तर शूटिंगवाल्याकडून सेकंदाला 10 मेगाबिटची हलकी प्रत करून घ्यावी. सहा मिनिटांना ती 450 एमबीच्या आसपास होते. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी पोचते. जपून ठेवायची मूळ प्रत मात्र पेनड्राइव्हवरच घ्यावी.

तिसरी, शाळेची परवानगी. काही पालकांना ती अनावश्यक कागदपत्रं वाटतात, पण शूटिंगवाल्याची बाजू इथे खरोखर नाजूक असते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 असं सांगतं की एखाद्याने मोबदला देऊन चित्रफीत बनवून घेतली, तर वेगळा करार नसल्यास तिचा पहिला मालक बनवून घेणारा असतो. शाळेने पैसे देऊन शूटिंग करून घेतलं, म्हणजे ते शाळेचं. पालकाला परस्पर तुकडा देताना शूटिंगवाला दुसऱ्याची वस्तू देत असतो. शिवाय त्या चित्रात आणखी पंधरा मुली आहेत आणि त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलेलं नाही. मुख्याध्यापकांची दोन ओळींची चिठ्ठी हातात असली की त्याची अडचण मिटते. तुकडा घरी पाहणं वेगळं आणि सार्वजनिकरीत्या टाकणं वेगळं, हेही पालकांनी लक्षात ठेवायला हवं. नाच सिनेमातल्या गाण्यावर असेल तर यूट्यूब किंवा फेसबुक गाणं आपोआप ओळखून आवाज बंद करू शकतं, ते निराळंच.

पत्रात ‘आम्हा पालकांना’ हा शब्द मुद्दाम आहे. नाच सोळा जणींचा, म्हणजे तुकडा एकच आणि घरं सोळा. सोळा जणांनी सोळा निरोप पाठवले तर शूटिंगवाल्याला सोळा वेळा तेच शोधावं लागतं, किंवा निदान सोळा वेळा उत्तर द्यावं लागतं. वर्गशिक्षिकेच्या मार्फत एकच पत्र गेलं तर काम एकदाच होतं आणि द्यायची रक्कमही वाटली जाते. कार्यक्रमाआधीच शाळेने शूटिंगवाल्याशी बोलून ‘प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी फाइल’ असं ठरवून घेतलं, तर पत्र लिहिण्याची वेळच बहुतेकांवर येणार नाही. त्यासाठी ऑपरेटरच्या हाती फक्त पत्रिका द्यावी लागते आणि प्रत्यक्ष क्रम टिपायला स्टेजजवळ एक मोठा विद्यार्थी बसवावा लागतो. शाळांनी हे जरूर करावं. एवढ्या छोट्या गोष्टीने शेकडो घरांची सोय होते.

राहिला प्रश्न घाईचा, आणि ती खरंच करायला हवी. सेकंदाला 50 मेगाबिटने आठ तासांचं चित्रण एका कॅमेऱ्याला 180 जीबी होतं, दोन कॅमेऱ्यांचं 360. मेमरी कार्डं दुसऱ्या कार्यक्रमासाठी लगेच रिकामी केली जातात, चित्रण हार्ड डिस्कवर जातं आणि डिस्क भरली की जुनं पुसलं जातं. पौषात लग्नं थांबलेली असतात म्हणून शूटिंगवाल्यांना थोडी उसंत असते. माघात लग्नाच्या तारखा सुरू झाल्या की डिस्कवरची जागा सगळ्यात आधी लागते. मिक्सिंग होऊन शाळेला पेनड्राइव्ह दिला, पैसे मिळाले, की मूळ चित्रण ठेवण्याचं त्याच्यावर बंधनही उरत नाही, जोवर कुणी ‘ठेवा’ असं सांगितलेलं नाही. म्हणून पत्र त्याच आठवड्यात जावं. तपशील जमवायला वेळ लागणार असेल, तर निदान ‘मूळ फुटेज पुसू नका, दोन दिवसांत पत्र देतो’ एवढा निरोप तरी त्याच संध्याकाळी पाठवावा.

एवढं करूनही कधी नाच सापडत नाही. बॅटरी बदलताना मिनिटभराची फट पडलेली असते, कार्ड भरल्याचं उशिरा लक्षात येतं. शूटिंगवाल्याने तसं प्रांजळपणे सांगितलं तर त्याच्याशी वाद घालून काही निघत नाही. पुढे फिरणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यात किंवा बाकीच्या पालकांच्या मोबाइलमध्ये तेवढं मिनिट शोधावं.

तुकडा हातात आला की तो दुकानातच, निघण्याआधी संगणकावर लावून पाहावा: आपलाच वर्ग आहे ना, आवाज येतोय ना, टाळ्यांपर्यंत सलग चालतोय ना. काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे नव्याने कापून घेता येतं, कारण मूळ फाइल त्या क्षणी समोर उघडीच असते.